शेडमधली गाडी, उंदीर आणि डॅशबोर्डवर पेटलेले दिवे: प्रकल्प नोंदी

5 नोव्हेंबर 2024, मंगळवार

गाडी पेट्रोल, चार सिलिंडरची हॅचबॅक, 2016 ची. दसऱ्यापासून औशाजवळच्या शेतात पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. शेजारी सोयाबीनची पोती, कारण हमीभाव 4892 आणि बाजारात त्याच्या लई खाली मागतेत, म्हणून थोरल्या भावानं माल विकलाच नाही, आणि पलीकडं कडब्याची गंजी. म्हणजे उंदरांना खायला पोती, अंथरायला कडबा आणि राहायला आमची गाडी.

आज बाहेर काढायला घेतली. चावी फिरवली तर सगळे दिवे लागले, ते लागतातच. स्टार्ट झाल्यावर बाकीचे विझले पण एबीएसचा पिवळा दिवा काही जाईना. इंजिन मात्र एकदम गुळगुळीत. रिव्हर्स टाकला, क्लच सोडला, गाडी जराशी हलली आणि त्याच क्षणाला चेक इंजिन लागला, पेडल मेल्यासारखं झालं, दाबलं तरी आरपीएम वर जाईना. बंद करून परत स्टार्ट केली तर पुन्हा गुळगुळीत, परत रिव्हर्स टाकला की परत तेच.

ह्यातून दोन गोष्टी कळतात. एबीएसचा दिवा पहिल्यापासून पक्का लागलाय म्हणजे तिकडं वायर बहुतेक पूर्ण तुटलीय. चेक इंजिनचा दिवा गाडी ओढ घेते तेव्हा लागतोय, म्हणजे इंजिन आपल्या माउंटिंगवर कलंडतं तेव्हा काहीतरी कशाला तरी टेकतंय. तुटलेली वायर कायम तुटलेली असते, सोललेली वायर कधी टेकते कधी टेकत नाही, आणि शोधायला हीच जास्त छळते.

बॉनेट उघडून आधी वास घेतला, पेट्रोलचा. हे मी सगळ्यांना सांगतो, उंदीर नुसती वायर खात नाही, पेट्रोलची नळी पण कुरतडतो, आणि तिथून पाझरत असेल तर चावी फिरवायचीच नाही. वास नव्हता. वरून बघितलं तर वायपरच्या पाण्याची नळी तुटलेली, बॉनेटच्या आतल्या नमद्याला भगदाड, बॅटरीच्या कडेला लेंड्या. वायरी वरून एकदम ठीक दिसत होत्या. मोबाईलवर सगळे फोटो काढून ठेवले, इन्शुरन्सवाल्याला विचारायचं झालं तर काहीही उघडायच्या आधीचे फोटो लागतात.

बॅटरीचा निगेटिव्ह आज काढला नाही, मुद्दाम. काही गाड्यांत बॅटरी काढली की साठलेले कोड पुसले जातात, मग काय वाचणार.

6 नोव्हेंबर, बुधवार

पुतण्याकडं ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर आहे, स्टेअरिंगच्या खाली सॉकेट असतं त्यात लावायचा आणि मोबाईलच्या ॲपवर वाचायचं. एवढे कोड आले:

```
P0642  Sensor Reference Voltage A Circuit Low
P0107  MAP Circuit Low
P0122  Throttle Position Circuit Low
P0532  A/C Pressure Sensor Circuit Low
```

एबीएसचं काहीच दाखवलं नाही. ह्या स्वस्त अडॅप्टरचं तसंच असतं, बहुतेक ॲप फक्त इंजिनचे कोड वाचतात, एबीएसचा डबा वेगळा आणि त्याला मोठा स्कॅनर लागतो.

पुतण्या म्हणला, काका चार सेन्सर गेले. म्हणलं नाही बाळा, चार सेन्सर एका वेळी जात नसतेत. इथंच लोक फसतात आणि गॅरेजवाला एकेक सेन्सर बदलून बिल वाढवत बसतो. खरं तर तालुक्याच्या एका गॅरेजमधून फोनवरच उत्तर मिळालं की ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलाय, नवीन टाकून घ्या.

आता हे नीट लिहितो, कारण सगळी गंमत इथं आहे. गाडीचा ईसीएम बऱ्याच सेन्सरना बॅटरीचे 12 व्होल्ट देत नाही, आतमध्ये कमी करून पक्के 5 व्होल्ट देतो. सेन्सर त्या 5 मधूनच आपलं उत्तर परत पाठवतो, समजा दाब कमी असला तर 1 व्होल्ट, जास्त असला तर 4. आणि ही 5 ची लाईन प्रत्येक सेन्सरला वेगळी नसते, लूम म्हणजे वायरींचा गुंडाळलेला गठ्ठा, त्याच्या आत एक सांधा असतो आणि तिथून दोन तीन सेन्सरना फाटे फुटतात. एकाच मोटरीवर दोन तीन वावरांना पाणी जावं आणि एका वावरात पाइप फुटला की सगळ्यांचंच प्रेशर जावं, तसं. कुठल्याही एका फाट्याची वायर सोलून लोखंडाला टेकली की 5 चे शून्य होतात आणि त्या लाईनवरचे सगळे सेन्सर एकदम ‘लो’ म्हणून बोंबलतात. थ्रॉटलचं उत्तर बिनसलं की ईसीएम स्वतःहून पेडल आवळून धरतो, म्हणून गाडी ओढेना.

कोडच्या यादीत हे लिहिलेलंच होतं. सगळे ‘लो’, आणि सगळ्यांच्या वर P0642, म्हणजे ती 5 ची लाईनच. खालचे तीन त्या एकाचेच.

7 नोव्हेंबर, गुरुवार

मल्टिमीटर घेऊन बसलो. काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरच्या काढलेल्या कनेक्टरमध्ये 5 व्होल्टच्या जागी, चावी ऑन आणि इंजिन बंद. आकडा आला 4.98. म्हणजे एकदम निरोगी, आणि इथंच एखादा म्हणेल की काही नाही झालं, कोड पुसा आणि पळवा.

पण दोष ओढ घेतल्यावर येतो, उभ्या गाडीत कसा दिसणार. म्हणून पुतण्याला मीटरवर नजर ठेवायला सांगितलं आणि मी लूम एकेका ठिकाणी धरून हलवत गेलो. इंजिनच्या डोक्यावरचं प्लास्टिक कव्हर काढून तिथली हलवली, काही नाही. इंजेक्टरकडची, काही नाही. मागं फायरवॉलकडची, काही नाही. बॅटरीच्या खालून गिअरबॉक्सकडं जाणारा जाड गठ्ठा धरून खाली दाबला आणि पोरगं ओरडलं, काका शून्य झालं. सोडला की 4.98, दाबला की 0.03.

आता सेन्सर की वायर हे ठरवायचं. एखादा सेन्सर आतून शॉर्ट असला तरी लाईन अशीच खाली बसते, म्हणून मॅप, थ्रॉटल आणि एसीच्या दाबाचा असे तिन्ही कनेक्टर काढून ठेवले आणि परत दाबला. तरी शून्य. सगळे सेन्सर काढल्यावरही लाईन बसते म्हणजे सेन्सर निर्दोष, वायरच टेकतीय. ईसीएमपण निर्दोष, कारण सोडल्याबरोबर तो पक्के 5 देतोय. ह्या लाईनला साधारण आतूनच करंटची मर्यादा असते, शॉर्ट निघाला की ती परत उभी राहते. तो हजारोंचा ईसीएम इथं वाचला.

एक सांगून ठेवतो, ह्या 5 च्या लाईनवर बल्बचा टेस्टर लावायचा नाही. आपल्याकडं वायरी तपासायला सर्रास तो दिवाच वापरतेत, पण तो जेवढा करंट ओढतो तेवढा द्यायला ही लाईन बनवलेली नाही. इथं फक्त मीटर.

9 नोव्हेंबर, शनिवार

कोड वाचून, मोजून झालं, आता बॅटरी काढायला हरकत नाही. निगेटिव्ह आधी, मग पॉझिटिव्ह. बॅटरी काढली, तिच्या खालचा ट्रे तीन बोल्टांवर होता तो काढला आणि खाली राजवाडा. गिअरबॉक्सच्या सपाट डोक्यावर कडब्याचा चुरा, सोयाबीनच्या शेंगांची टरफलं, बॉनेटच्या नमद्याचा कापूस, सगळं व्यवस्थित अंथरलेलं.

हात लावायच्या आधी मास्क आणि हातमोजे घातले, साबणाचं पाणी फवारून घरटं ओलं केलं आणि मगच उचललं. कोरडं झाडलं की उंदराच्या लेंड्यांची धूळ नाकात जाते, आणि मुतातून लेप्टो होतो हे आपल्याकडं शेतातल्या माणसाला माहीत असतं पण गाडी साफ करताना आठवत नाही. प्रेशरचं पाणी मारू नका, सोललेल्या वायरीत पाणी बसलं की तांबं हिरवं पडायला लागतं.

नुकसान कुठं होतं बघा. लूम गिअरबॉक्सच्या वर एका लोखंडी पट्टीवरून जातो. वरून त्याचं काळं नळीदार कव्हर धडधाकट, आणि खालच्या अंगाला, जिथं उंदीर घरट्यात बसून तोंड वर करून चावेल नेमकं तिथं, चार बोटं लांबीचं कव्हर गायब. आतल्या तीन वायरी सोललेल्या, एकीचं तांबं पट्टीला घासून चमकत होतं. कुठलीच पूर्ण तुटलेली नव्हती. वरून टॉर्च मारून हे आयुष्यात दिसलं नसतं, मी खालून हात फिरवला आणि मग आरसा घालून बघितलं.

माझं मत पक्कं झालंय, वायरी जिथं जास्त आहेत तिथं नाही, उंदीर जिथं बसतो तिथं शोधायचं. त्याला सपाट, झाकलेली, उबदार जागा पाहिजे. गाडीत तशा जागा मोजक्याच आहेत, बॅटरी ट्रेखाली गिअरबॉक्सचं डोकं, इंजिनवरच्या प्लास्टिक कव्हरच्या आत, इनटेकच्या खाली, वायपरखालची पन्हाळी, आणि मागं पेट्रोलच्या टाकीचं डोकं, जिथून फ्युएल पंपाच्या वायरी जातात, ते मागची सीट उचलल्यावर दिसतं. एक घरटं सापडलं की त्याच्या वीतभर आजूबाजूची प्रत्येक वायर खालच्या अंगानं चाचपायची.

लोक म्हणतात हल्ली वायरच्या प्लास्टिकात सोयाबीन घालतेत म्हणून उंदीर खातो. माझ्या शेडमध्ये खऱ्या सोयाबीनची पोती शेजारी उघडी असताना ह्या पठ्ठ्यानं वायर चावली, त्यामुळं मला तरी ते पटत नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं, आणि घरट्यात बसल्या बसल्या तोंडासमोर वायर आली.

10 नोव्हेंबर, रविवार

जोडकाम. नुसती काळी टेप गुंडाळून भागलं असतं असं भावाला वाटत होतं, पण इंजिनच्या उष्णतेनं त्या टेपचा गोंद पातळ होतो आणि उन्हाळ्यात टेप सुटून खाली लोंबते. सोललेली जागा कापून काढली, तांबं लख्ख लागेपर्यंत मागं गेलो, आणि मध्ये तेवढ्याच जाडीची गाडीचीच वायर घातली, 0.5 चौरस मिलिमीटर. घरातल्या फिटिंगची वायर वापरू नका, ती जाड, ताठ आणि तिचं प्लास्टिक एवढी उष्णता धरत नाही.

सोल्डर करून प्रत्येक जोडावर गोंदवाली हीट श्रिंक नळी बसवली. ही नळी वायर जोडायच्या आधी ओवायची असते, नाहीतर सगळं सोडवावं लागतं. तिन्ही जोड एकाच रेषेत ठेवले नाहीत, एक पुढं, एक मागं, म्हणजे गठ्ठा एका जागी फुगत नाही आणि उद्या नळी फाटली तरी जोड जोडाला टेकत नाही. वरून नवीन फ्लेक्सिबल पाइप, कापडी टेप, आणि लूम पट्टीपासून जरा उचलून टायनं बांधला.

बॅटरी लावून आधी मीटर. दाबला, ओढला, पिळला, 4.98 जागेवर. मग ॲपवर चालू आकडे बघितले. इंजिन बंद आणि चावी ऑन असताना मॅप सेन्सरनं बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. आपला भाग समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, त्यामुळं पुस्तकात समुद्रकाठचा 101 लिहिलेला असला तरी इथं साधारण 94 किलोपास्कल येतो, आणि तेवढाच आला. स्टार्ट केल्यावर आयडलिंगला 34. रिव्हर्स टाकून क्लच सोडला, पेडल जिवंत. कोड पुसले, परत आले नाहीत.

एबीएसचा दिवा तसाच.

12 नोव्हेंबर, मंगळवार

एबीएसचा पिवळा दिवा एकटा असला तर साधे ब्रेक लागतात, फक्त जोरात दाबल्यावर चाक लॉक होऊ शकतं. त्याच्या जोडीला लाल ब्रेकचा दिवा लागला असता तर मी गाडी रस्त्यावर काढलीच नसती. ब्रेकचं ऑईल बघितलं, ब्रेक मारून बघितले आणि सावकाश लातूरला आणली, ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं, त्यांना सगळे मामू म्हणतात.

मामूंनी मोठा स्कॅनर लावला, डाव्या पुढच्या चाकाच्या स्पीड सेन्सरचं सर्किट आलं. लगेच पाना नाही उचलला, मला गल्लीत गाडी चालवायला लावली आणि स्वतः बाजूला स्कॅनर घेऊन बसले. तीन चाकं 18, 18, 17 दाखवत होती, डावं पुढचं शून्य. “देखो मालक, चाक तर फिरतंय, बातमी येत नाही.”

आता वायर कुठं तुटलीय हे मामूंनी गाडी जॅकवर न घेताच सांगितलं. उंदीर हवेतून येत नाही, टायरवर चढतो, टायरवरून चाकाच्या कमानीत, तिथून आत गिअरबॉक्सवर. माझं घरटं डावीकडं होतं म्हणजे जिना पण डावा. चाक काढून कमानीतलं प्लास्टिकचं लायनर क्लिपा काढून सरकवलं, आणि त्याच्या मागं, सेन्सरची वायर बॉडीत शिरते त्या रबराच्या ग्रोमेटजवळ, दोन्ही तारा कात्रीनं कापल्यासारख्या. लायनर जागेवर असताना काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

इथं जोड दिला नाही. चाक वळतं, उडतं, पाणी उडतं, आणि ही पिळलेली जोडवायर असते, सिग्नल बारीक असतो, म्हणून बरेच उत्पादक ही वायर जोडू नका, वायरसकट सेन्सर बदला असंच सांगतात. मामू पण म्हणले जोडून देतो पण पावसाळ्यात तुम्ही परत येणार. वायरसकट नवीन सेन्सर बसवला, लायनरच्या तुटलेल्या क्लिपांच्या जागी नवीन टाकल्या. गल्लीत एक फेरी, चारही चाकं सारखी, दिवा गेला.

17 नोव्हेंबर, रविवार

लातूर ते अंबाजोगाई जाऊन आलो. येताना रेणापूरच्या अलीकडं चेक इंजिन परत. गाडी ओढायला व्यवस्थित, काही फरक नाही. घरी येऊन वाचलं, एकच कोड:

```
P0141  O2 Sensor Heater Circuit (Bank 1 Sensor 2)
```

सायलेन्सरमधल्या दुसऱ्या ऑक्सिजन सेन्सरला आतून एक हीटर असतो, त्याला 12 व्होल्ट लागतात. हा कोड आधी कामून आला नाही? ही तपासणी गाडी तापून, ठरलेल्या पद्धतीनं थोडी चालल्यावरच होते, आणि मी तोवर शेड आणि गल्लीच्या पुढं गेलोच नव्हतो. कोड पुसून दिवा गेला म्हणजे गाडी पास झाली असं नसतं.

18 नोव्हेंबर, सोमवार

सेन्सरचा कनेक्टर काढून मीटर लावला, 12.4 व्होल्ट. फ्यूज ते कनेक्टर बीप तपासली, मीटर मस्त वाजतंय. म्हणजे वायर चांगली? नाही. वायरीच्या पंधरावीस केसांपैकी एक केस शाबूत असला तरी मीटर बीप देतो आणि पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण मीटर काही करंट ओढतच नाही. हीटर ओढतो, आणि तेव्हा त्या एका केसातून जात नाही.

म्हणून इथं उलटं, बल्बच पाहिजे. 5 च्या लाईनवर जो बल्ब वर्ज्य तो 12 च्या लाईनवर खरा साक्षीदार. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब कनेक्टरच्या दोन पिनांत लावणार होतो, पण हीटरची दुसरी बाजू ईसीएम चालू बंद करतो, म्हणून बल्बचा एक पाय 12 च्या पिनेला आणि दुसरा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला घेतला, ईसीएमला त्यात ओढायचं नाही. बल्ब मिणमिण, आणि मीटर 12.4 वरून 3 वर. सापडलं, आता फक्त जागा शोधायची.

वायर गिअरबॉक्सवरून उतरून फ्लोअरच्या खालच्या बोगद्यात, सायलेन्सरच्या पत्र्याच्या वरून जाते. गाडी वर घेऊन बघितली, उतरते त्या वळणावर प्लास्टिकवर दोन बारीक दातांच्या खुणा, बस, बाहेरून एवढंच. हलकं ओढलं तर वायर तिथंच रबरासारखी ताणली, आतलं तांबं नसल्याची ही खूण. परवा मतदान म्हणून दुकानं बंद असतील, नळी आणि वायर आजच आणून ठेवली.

20 नोव्हेंबर, बुधवार

सकाळी मतदान करून आलो आणि ती वायर जोडली. बल्ब लख्ख, मीटर 12.1. आणि हात लागलाच होता म्हणून घरट्यापासून चाकाच्या कमानीपर्यंतची प्रत्येक 12 ची वायर बल्बवर घेतली, रिव्हर्स लाईटच्या स्विचची पण. सगळ्या ठीक.

24 नोव्हेंबर, रविवार

निलंग्याला जाऊन आलो, गाडी पूर्ण तापली, रस्ता पण खाचखळग्यांचा. ॲपमध्ये तपासण्यांची यादी असते, त्यात ऑक्सिजन सेन्सर हीटरसमोर ‘पूर्ण’ असं आलं आणि कोड शून्य. आता मला गाडी पास वाटते.

शेडमध्ये गाडी ठेवायचीच झाली तर भावाला सांगितलंय बॉनेट उघडं ठेवायचं, उजेड आणि वारा असला की उंदीर बिऱ्हाड करत नाही, आणि आठवड्यातून एकदा बॅटरीच्या कडेनं टॉर्च मारून लेंड्या बघायच्या. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या लोक टांगतात, वास आहे तोवर चालतं, नंतर त्याच गोळ्यांशेजारी घरटं सापडलेलं मी बघितलंय. विष मात्र गाडीत नाही ठेवायचं, उंदीर एसीच्या डक्टमध्ये जाऊन मरतो आणि मग डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

राहिलेलं काम: वायपरच्या पाण्याची नळी, बॉनेटचा नमदा. केबिन फिल्टर काढून बघितला, त्याच्यावर दोन सोयाबीनचे दाणे होते, फिल्टर बदलला आणि हवा आत जाते त्या तोंडावर बारीक जाळी मारायला मामूंकडं गुरुवारी जायचंय.